नऊ टक्क्यांचं कर्ज अकरा टक्क्यांपेक्षा महाग कसं निघालं

मागच्या वर्षी बेकरीचा माल पोचवायला मी जुना छोटा हत्ती घ्यायचा ठरवला. गाडी पसंत पडली, दहा हजार इसार दिला, आणि उरले तीन लाख कर्ज काढायचे होते. गाडीच्या दुकानातच एका फायनान्स कंपनीचा एजंट टेबल टाकून बसलेला असतो. तो म्हणाला, "दादा, नऊ टक्क्यानं करून देतो. शेकडा पाऊण रुपया महिना, कुठं मिळणार? दोन दिवसात चेक." आमचं खातं असलेल्या बँकेत विचारलं तर दर अकरा टक्के, शिवाय दोन वर्षांचं रिटर्न, जामीनदार, गाडीचं मूल्यांकन. नऊ आणि अकरा यातलं कमी काय, हे सांगायला गणित शिकावं लागत नाही. मी एजंटला होकार देऊन घरी आलो.

त्यानं एका कागदावर हिशोब लिहून दिला होता. तीन लाखांचं वर्षाचं व्याज 27,000, तीन वर्षांचं 81,000. एकूण 3,81,000 भागिले 36, हप्ता 10,583. सगळं सरळ, कुठं चूक नाही. जेवताना कागद बायकोच्या हातात गेला. ती बचत गटाची वही लिहिते. तिनं पेन घेऊन 81,000 ला 36 नं भागलं, 2,250 आले. मग म्हणाली, "अहो, हे दर महिन्याला सव्वादोन हजार व्याज लावतायत. पहिल्या महिन्यातही तेवढंच आणि शेवटच्याही?"

"हो, मग?"

"शेवटच्या महिन्यात आपल्याकडं त्यांचं मुद्दल किती उरलेलं असणार?"

तीन लाख भागिले 36, म्हणजे 8,333. त्या आठ हजारांवर एका महिन्याचं व्याज 2,250. म्हणजे शेकडा 27 रुपये, तेही वर्षाला नाही, महिन्याला! बायको म्हणाली, "आमच्या गटात शेकडा दोन घेतात, पण फेडलेल्या पैशावर कुणी व्याज लावत नाही. उरलं असेल तेवढ्यावरच." (शेकडा दोन म्हणजे वर्षाचे 24 टक्के होतात, हे मी तेव्हा तिला सुनावलं नाही.)

गोम नेमकी इथंच होती. फ्लॅट रेटमध्ये तीन वर्षं पूर्ण तीन लाख आपल्याकडेच आहेत असं धरून व्याज काढतात. खरं तर आपण दर महिन्याला मुद्दल परत करत असतो. पहिल्या महिन्यात तीन लाख वापरायला असतात, दीड वर्षानं साधारण निम्मे, शेवटी एका हप्त्याएवढे. सरासरी काढली तर तीन वर्षांत निम्म्याहून थोडेच जास्त पैसे आपल्या हातात राहतात, आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर भरतो. म्हणून तीन वर्षांच्या हप्त्यांना फ्लॅट दराला साधारण 1.8 नं गुणलं की खरा दर जवळपास कळतो. नऊचे सोळाच्या वर जातात.

नेमका आकडा मुलानं मोबाईलवरच्या स्प्रेडशीटमध्ये काढून दिला. महिन्यांची संख्या, हप्ता उणे चिन्ह लावून आणि हातात मिळणारी रक्कम, एवढंच टाकायचं:

```
=RATE(36,-10583,300000)*12
```

उत्तर आलं 0.1624, म्हणजे 16.24 टक्के. घटत्या शिलकीवर खरोखर नऊ टक्के लावले असते तर हप्ता 9,540 आणि तीन वर्षांचं व्याज 43,400 च्या आसपास आलं असतं. बोललेला दर तोच नऊ, पण एकीकडं 81,000 आणि दुसरीकडं त्याच्या निम्म्याहून थोडंसं जास्त. बँकेच्या अकरा टक्क्यांचा हप्ताही 9,822 च येत होता.

तरी मी लगेच माघार घेतली नाही, कारण दोन दिवसात चेक हा मोह मोठा होता. दुसऱ्या दिवशी एजंटला म्हणालो, केएफएस द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या अशा नव्या कर्जांना बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं हा मुख्य माहितीचा तक्ता करारावर सही होण्याआधी द्यायचा असतो, आणि तोही आपल्याला समजेल त्या भाषेत. "सहीच्या वेळी मिळतो की," असं म्हणून त्यानं आधी टाळलं. मी सही नंतर करू म्हणालो, तसा संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आला.

त्यात नऊ हा आकडा कुठंच नव्हता. व्याजदर 16.24 आणि खाली एपीआर, म्हणजे व्याजासोबत बाकीचे खर्चही धरून वर्षाचा दर, 17.69. हा जास्तीचा दीड टक्का फाईल चार्जचा. सहा हजार आधीच कापून माझ्या हातात 2,94,000 येणार होते आणि हप्ता मात्र तीन लाखांचा. म्हणजे फ्लॅट रेट फक्त बोलण्यापुरता. त्यांच्या वहीत कर्ज घटत्या शिलकीवरच चालतं, फक्त सोळाच्या वरच्या दरानं.

सोबतचं हप्त्यांचं कोष्टक मी जरा निवांत वाचलं. पहिल्या हप्त्यातले 4,060 व्याजाचे आणि मुद्दलात फक्त 6,523. अठरा हप्त्यांनंतर बाकी 1,68,000. माझ्या डोक्यात होतं की निम्मे हप्ते भरले की निम्मं मुद्दल, म्हणजे दीड लाख उरतील. दीड वर्षानं गाडी विकून कर्ज मिटवायला गेलो असतो तर तिथं अठरा हजारांचा धक्का बसला असता, आणि मुदतीआधी फेडण्याचा आकार त्यावर वेगळा.

एजंटला कागद दाखवून विचारलं, नऊ कुठं गेले? तो हसून म्हणाला, "दादा, फ्लॅट नऊ म्हणजेच सोळा. सगळ्यांना असंच सांगतात." तो खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही. फ्लॅट नऊ टक्क्यानं हप्ता त्यानं बरोबरच काढला होता. तो आकडा बँकेच्या अकराशेजारी ठेवण्याची चूक माझी. दोन्हीकडं रक्कम आणि मुदत सारखी ठेवून नुसते हप्ते विचारले असते, तर पहिल्याच दिवशी 761 रुपयांचा फरक दिसला असता. वर फाईल चार्ज तेवढा दोन्हीकडं विचारायचा.

बँकेत बारा दिवस गेले. जामीनदार म्हणून मेहुण्याला दोनदा रजा टाकावी लागली, मूल्यांकनवाल्यानं गाडी तीस हजारांनी कमी दाखवली, आणि गाडीमालक रोज फोन करून इसार बुडेल म्हणायचा. त्याला आणखी पाच हजार देऊन थोपवलं. कागदपत्रं नसती तर मलाही एजंटकडंच जावं लागलं असतं, आणि बरेच जण त्याचमुळं जातात. तीन वर्षांत वाचणार होते 27 हजारांहून जास्त, म्हणून मी ताणून धरलं.

बँकेतल्या मॅडमनी कोष्टक छापून दिलं तेव्हा मी आधी शेवटची ओळ बघितली. छत्तिसाव्या हप्त्यात व्याज 89 रुपये. पहिल्यात 2,750 आहे, एजंटच्या कागदावरच्या 2,250 पेक्षा जास्त. ते बघून मी क्षणभर दचकलो, पण पुढच्या प्रत्येक ओळीत तो आकडा उतरत जातो. कोष्टक आता बायकोच्या गटाच्या वहीत घडी घालून ठेवलंय.