४.४ चा प्लग आणि साधा ३.५ चा जॅक: ॲडॉप्टर उलटा लागला तर (माझा लॉग, जुलै)

५ जुलै, रत्नागिरी. पाऊस तीन दिवस थांबलेला नाही, लाईट येऊन जाऊन आहे, म्हणून सोल्डरिंग राहिलंय आणि लिहायला बसलोय. माझ्या आयईएमला, म्हणजे कानात घालायच्या इअरफोनला, ४.४ मिलिमीटर प्लगची केबल घेतली ते मागच्या वेळी लिहिलं होतं. आता ती केबल लॅपटॉपच्या आणि जुन्या स्टिरिओ ॲम्पच्या ३.५ जॅकला लावायचीय, त्यासाठी ४.४ फिमेल ते ३.५ मेल असा छोटा ॲडॉप्टर बनवतोय. बनवायच्या आधीच कुडाळच्या मामेभावाचा फोन आला आणि आता आधी त्याचीच भानगड निस्तरायचीय, पण त्यातून जे कळेल ते इथे सगळ्यांच्या कामाचं आहे.

त्याच्याकडे साधे हेडफोन, ३.५ चा प्लग, डाव्या कानाला एकच वायर येते तसले. फोनला लावून हेडफोन जोडायच्या त्याच्या डोंगलला दोन भोकं, ३.५ आणि ४.४. कोणीतरी त्याला सांगितलं की ४.४ मधून आवाज दुप्पट येतो, म्हणून त्याने ऑनलाईन एक ॲडॉप्टर मागवला, एका टोकाला ४.४ मेल आणि दुसऱ्याला ३.५ फिमेल. फोनवर म्हणाला, "दादा, आवाज येता, पण डोंगल नुसतो तापता, मगे बंद पडता." मी म्हटलं आधी तो काढ, आणि एसटीने पाठवून दे.

८ जुलै. ॲडॉप्टर आला. मल्टिमीटर बीपवर टाकला. ४.४ च्या प्लगला पाच भाग असतात, टोकापासून मागे असे: डावं प्लस, डावं मायनस, उजवं प्लस, उजवं मायनस, आणि शेवटी बॉडीकडचा ग्राउंड. पाच म्हणूनच पेंटाकॉन हे नाव. एक प्रोब दुसऱ्या कड्यावर, एक चौथ्यावर, म्हणजे डाव्या मायनसवर आणि उजव्या मायनसवर. बीप वाजला. ॲडॉप्टर मोकळा, काही लावलेलं नाही, तरी वाजला, म्हणजे आतच दोन्ही मायनस एकमेकांना जोडलेत. आतमध्ये दुसरं काय करणार, ३.५ च्या साध्या प्लगला तीनच भाग, डावा, उजवा आणि एक सामायिक, तर दोन मायनस त्या एकाच जागी कोंबलेत.

हे का वाईट ते नीट सांगतो, कारण मला स्वतःला पूर्वी ग्राउंड म्हणजे ग्राउंड एवढंच माहीत होतं. साध्या ३.५ आउटपुटमध्ये मायनस म्हणजे खरोखर ग्राउंड, शून्यावर शांत बसलेला. बॅलन्स्ड आउटपुटमध्ये, म्हणजे ४.४ च्या भोकात, मायनस शांत नसतो, तिथे वेगळा ॲम्प बसलेला असतो आणि तो प्लसच्या उलट सिग्नल देतो. डावं प्लस १ व्होल्ट वर गेलं की डावं मायनस १ व्होल्ट खाली, म्हणून हेडफोनला २ व्होल्ट मिळतात आणि आवाज मोठा येतो. म्हणजे ४.४ मध्ये चार ॲम्प आहेत. त्यातल्या दोघांचे आउटपुट तारेने एकत्र बांधले तर एक खाली ओढतोय आणि दुसरा दुसरीकडे, मध्ये हेडफोन नाहीच, नुसती तार.

आकडा मांडून बघा. एखाद्या क्षणी डाव्या चॅनलला जोरात ढोलकी आहे आणि उजवा गप्प. डावं मायनस १ व्होल्ट खाली, उजवं मायनस शून्यावर. असल्या ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स समजा अर्धा अर्धा ओहम, दोघांचा मिळून १ ओहम. १ व्होल्ट भागिले १ ओहम, म्हणजे १ अँपिअर मागितला जातो. ३२ ओहमच्या हेडफोनला २ व्होल्टवर लागतात साधारण ६० मिलिअँपिअर. चिप इतका करंट देऊ शकत नाही, ती प्रोटेक्शनमध्ये जाते किंवा तापते, आणि ज्यात प्रोटेक्शन चांगलं नाही त्यात आउटपुट मरू शकतो.

९ जुलै. मग भावाला पहिल्या दिवशी काहीच का नाही झालं? हा प्रश्न मला रात्रभर खात होता. सकाळी विचारलं काय ऐकत होतास, तर म्हणे दशावताराचं रेकॉर्डिंग, जुन्या मोबाईलवर केलेलं. ते मोनो! डावा आणि उजवा तोच सिग्नल, मग दोन्ही मायनस एकाच वेळी तितकेच वर खाली जातात, दोघांत फरकच नाही तर करंट कशाला वाहील. दुसऱ्या दिवशी त्याने स्टिरिओ गाणी लावली होती आणि डोंगल तापायला लागला. म्हणून तुमच्याकडे असला ॲडॉप्टर असेल आणि तुम्ही "माझं तर चाललं" म्हणत असाल तर काय वाजवून बघितलंत ते आठवा.

कानाने ओळखायची खूण पण आहे. डावं आणि उजवं मायनस जोडलं की तो बिंदू दोघांच्या मधल्या व्होल्टेजला जाऊन बसतो, म्हणून फक्त डाव्यात असलेलं वाद्य उजव्या कानातही डाव्याच्या एक तृतीयांशाएवढं ऐकू येतं. गाणं मधोमध गोळा झाल्यासारखं वाटतं. भावाला विचारलं तर म्हणाला हो, टाळ एका बाजूला ऐकू येतात ते दोन्हीकडे येत होते. त्याला वाटलं हेडफोनच तसे आहेत.

१२ जुलै. उन्हं पडली, लाईट टिकली, माझा ॲडॉप्टर बनवला. तो उलट दिशेचा: बॅलन्स्ड प्लगचे हेडफोन साध्या आउटपुटला. ही दिशा सुरक्षित आहे, निश्चिंत वापरा. हेडफोनमध्ये नुसत्या कॉइल आहेत, त्यांचे दोन मायनस एका जागी बांधले तर साधी ३.५ केबल जे आधीपासून करते तेच आपण करतोय. आउटपुटला काही कळतही नाही. फक्त बॅलन्स्डचा जास्त आवाज मिळणार नाही, समोरचा ॲम्प साधाच आहे.

४.४ च्या सॉकेटमधलं डावं प्लस ३.५ च्या टोकाला, उजवं प्लस कड्याला, दोन्ही मायनस मिळून बॉडीला, आणि पाचवा ग्राउंड मोकळाच ठेवला. वायरींवर श्रिंक ट्यूब घातली, इथल्या दमटपणात उघड्या जोडाला महिन्याभरात हिरवं चढतं, माझ्या खिडकीपासून समुद्र जेमतेम एक किलोमीटर. आयईएम लावून मोजलं. टोक ते बॉडी १५ ओहम, कडं ते बॉडी १५, टोक ते कडं ३०. हे शेवटचं दोघांच्या बेरजेएवढं आलं म्हणजे बरोबर, दोन कॉइल बॉडीतून एकामागे एक येतायत. तिथे शून्याच्या जवळ काही आलं तर डावं उजवं प्लस कुठेतरी चिकटलंय, तो तसा लावू नका.

१५ जुलै. भावाचे हेडफोन मागवून घेतले, त्याची इच्छा होती की प्लग कापून ४.४ चा लावून दे, मग ॲडॉप्टरच नको. मी नाही लावला. कापून बघितलं तर वायर तीनच: लाल, हिरवी, आणि एक तांब्याची. तांब्याची म्हणजे दोन्ही कानांचा मायनस, तो वर हेडफोनच्या आतच जोडलेला. त्यावर ४.४ चा प्लग लावला असता तर ॲडॉप्टरचीच गंमत आत कायमची बसवल्यासारखं झालं असतं. केबलमधून चार वायर निघाल्या तरी बीपवर दोन्ही मायनस मध्ये तपासायचे, पूर्ण मोकळे दिसले तरच पुढे जायचं. वायरींवर लाख असते, आधी खरवडा किंवा सोल्डरने जाळा, नाहीतर मीटर काहीच दाखवणार नाही आणि तुम्हाला वाटेल सगळं मोकळं आहे.

त्याला नवा ३.५ चा प्लग लावून दिला, आणि डोंगलच्या ३.५ भोकातच वापर म्हटलं.

१९ जुलै. दापोलीच्या एका मित्राचा फोन, त्याच्याकडे २.५ चा प्लग. तिथे दोन गोष्टी वेगळ्या. पहिली, २.५ ला चारच भाग, पाचवा ग्राउंड नाहीच. दुसरी, क्रम वेगळा. ॲस्टेल अँड कर्न कंपनीने २०१४ मध्ये एके२४० या प्लेअरमध्ये जो आणला तोच आता चालतो, टोकाला उजवं मायनस, मग उजवं प्लस, मग डावं प्लस, आणि मागे डावं मायनस. ४.४ चा क्रम डोक्यात ठेवून कोणी २.५ सोल्डर केला तर काही जळत नाही, पण डावं उजवं अदलाबदल होतं आणि एका बाजूची पोलॅरिटी उलटी, बास पातळ आणि गायक मधोमध न बसता कुठेतरी पसरतो. मित्राचं नेमकं हेच होतं, दोन वायरी नाहीत, चारही बदलाव्या लागल्या. बाकी सुरक्षिततेचा नियम तोच, २.५ फिमेल ते ३.५ मेल चालेल, उलट नको. आणि २.५ चा प्लग ३.५ च्या भोकात ढिला जातो म्हणून घालून बघू नका, तो कुठे टेकेल सांगता येत नाही.

२४ जुलै. एक पळवाट काही लोक सांगतात ती तपासायची होती. ४.४ मेल ते ३.५ फिमेल, पण दोन्ही मायनस मोकळे सोडायचे आणि हेडफोनचा सामायिक मायनस पाचव्या ग्राउंडला जोडायचा. शॉर्ट होत नाही हे खरं, बॅलन्स्डचे फक्त अर्धे ॲम्प वापरात येतात. अडचण अशी की काही बॅलन्स्ड ॲम्पचे आउटपुट शून्यावर नसतात, बॅटरीच्या व्होल्टेजच्या निम्म्यावर बसलेले असतात. प्लस मायनस दोन्ही त्याच उंचीवर म्हणून बॅलन्स्ड हेडफोनला फरक जाणवत नाही, पण ग्राउंडला जोडलं की तो डीसी सरळ कॉइलवर. म्हणून आधी मोजा. मी पाच मोकळ्या वायरींचा एक टेस्ट प्लग केलाय, डोंगल फोनला लावला, गाणं पॉज, मीटर डीसी व्होल्टवर, डावं प्लस ते पाचवा: ३ मिलिव्होल्ट. माझ्यात ठीक आहे. तुमच्यात व्होल्टच्या घरात आलं तर ही पळवाट विसरा.

त्याच टेस्ट प्लगने भावाचा डोंगलही मोजला, तापून बंद पडला होता म्हणून काळजी होती. प्लस ते मायनस, डावीकडे २ मिलिव्होल्ट, उजवीकडे ४. मग ४० हर्ट्झपासूनचा टोन लावून दोन्ही बाजू एकेक ऐकल्या, कुठे खरखर नाही. वाचला. त्याचा ॲडॉप्टर मी परत दिलेला नाही, कापून ४.४ चा मेल प्लग काढून घेतलाय, पुढच्या महिन्यात आयईएमच्या दुसऱ्या केबलला लावीन.