‘ठेवोनिया’नंतरच्या चार मात्रा: एकादशीला डोंबिवली ते लालबाग

आषाढी एकादशीला पंढरपूर गाठणं ज्यांना जमत नाही, त्यांची मुंबईतली वाट वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराकडे जाते. यंदा मीही तीच वाट धरली, पण दर्शनाइतकाच दुसराही हेतू मनात होता. पुढचा एक जण ओळ म्हणतो आणि मागचे पन्नास जण ती उचलतात, ती नेमकी कुठून उचलतात, कोण त्यांना हात देतं, हे जवळून बघायचं होतं. त्यासाठी दिवसभर एकच अभंग कानात ठेवायचा ठरवला, तुकोबांचा ‘सुंदर ते ध्यान’. एकादशीच्या दिवशी तो ऐकू येणार नाही अशी जागा मुंबईत सापडणं कठीण.

पहिल्यांदा तो भेटला डोंबिवलीहून सुटलेल्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात. खिडकीशी बसणाऱ्या बायकांचं तिथे रोजचं भजन असतं. पर्समधून छोटे टाळ निघतात, कुणी डब्याच्या पत्र्यावर बोटांनी ठेका धरतं. पेटी नाही, पखवाज नाही. सुरुवात ‘रूप पाहता लोचनी’ने झाली आणि मग ‘सुंदर ते ध्यान’.

या अभंगाची बांधणी आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चारच. सुं-द-र-ते-ध्या-न, उ-भे-वि-टे-व-री, क-र-क-टा-व-री, ठे-वो-नि-या. एकूण 22 अक्षरं. भजनी ठेका आठ मात्रांचा. एका चरणाला एक आवर्तन दिलं की चार आवर्तनांच्या 32 मात्रा होतात, म्हणजे दहा मात्रा उरतात. पहिल्या तीन चरणांत दोन-दोन मात्रा अक्षरं लांबवण्यात जातात: सुं ऽ द र ते ऽ ध्या न. उरलेल्या चार मात्रा सगळ्या एकत्र शेवटी येतात: ठे वो नि या ऽ ऽ ऽ ऽ. चाली अनेक आहेत आणि प्रत्येकीत अक्षरं थोडी इकडेतिकडे सरकतात, पण साध्या चालीचा सांगाडा हाच. माझं सगळं लक्ष त्या शेवटच्या चार मात्रांवर होतं. पुढच्याचा आवाज तिथे थांबतो आणि मागच्यांचा तिथूनच निघतो.

गाथ्यात या अभंगाचं ध्रुपद, म्हणजे दर कडव्यानंतर फिरून घ्यायची ओळ, दुसऱ्या कडव्यावर आहे, ‘तुळसीहार गळा’वर. पण मी ऐकलेल्या मुंबईतल्या मंडळांत पहिलीच ओळ धरून फिरवतात. डब्यातल्या बायकाही तेच करत होत्या. ‘तुळसीहार गळा’ आलं की मोजून बघा, तिथे सहा नाहीत, सात अक्षरं भरतात. गाणाऱ्या बाईंना त्याची काही अडचण नव्हती. लांबवायच्या दोन मात्रांतली एक त्या सातव्या अक्षराला दिली की झालं. ही सैल जागा ठेक्यातच असल्यामुळे ओवी-अभंगातलं एखादं जास्तीचं अक्षर गाताना खुपत नाही.

डब्यात एक गोष्ट मात्र सतत होत होती. दर वेळी मागच्या बायका ओळ उचलत, ती पुढच्या बाईंच्या सुरापेक्षा किंचित वर. पुढच्या बाई मग त्या नव्या सुरावर पुढचं कडवं घेत. ठाण्याला जे सुखाने गायलं जात होतं, ते कुर्ला येईपर्यंत इतकं चढलं की वरच्या पट्टीत जाणारी ओळ बाईंनी सोडून दिली आणि बाकीच्यांनी ती नुसती जोरात म्हटली. जोश आला की समूहाचा सूर असा सरकतो आणि सरकतोय हे आतल्या कुणालाच कळत नाही. तो एका जागी बांधून ठेवणारं काहीतरी बाहेरचं लागतं.

दादरला उतरून फाइव्ह गार्डनच्या बाजूने चालत वडाळ्याला गेले. पाऊस बारीक लागला होता. कात्रक रोडच्या अलीकडूनच रांग सुरू झालेली, शाळांच्या दिंड्या, डोक्यावर तुळस घेतलेल्या मुली. रांगेतला वेळ लांबच होता, त्याबद्दल काही लिहीत नाही. बाहेर मांडवात एक भजनी मंडळ उभं होतं आणि रांग सरकेना म्हणून मला ते हवं तितकं ऐकता आलं.

इथे पेटी होती. वाजवणारे काका साठीच्या पुढचे. मंडळात बायका-पुरुष मिसळून उभे होते. मी विचारलं, “काका, पट्टी कोणती धरलीत?”

“पांढरी चार. नुसते पुरुष असते तर काळी एकवर घेतलं असतं, नुसत्या बायका असत्या तर काळी चार-पाच. आता दोघंही आहेत, तर दोघांनाही थोडं थोडं सोसायचं.”

पुरुष वर ताणून गात होते, बायका जरा खालून. पण सूर सरकत नव्हता. कारण प्रत्येक वेळी ‘ठेवोनिया’ संपलं की काका त्या चार मात्रांत गाणाऱ्याच्या मागे जात नव्हते. ते ‘सुंदर’चा पहिला स्वर आधीच वाजवून ठेवत होते. गाणारा अजून ‘या’वर असतानाच टाळकऱ्यांच्या कानात पुढचा स्वर पडलेला असे. लोकलच्या डब्यात नेमकं हेच नव्हतं.

पखवाजवाल्या दादांची लढाई निराळी चालली होती, ती हवेशी. पेटीचे सूर धातूच्या पट्ट्यांचे, पावसाने त्यांना फारसं काही होत नाही. पखवाजाचं कातडं मात्र दमट हवेत सैलावतं आणि स्वर उतरतो. पेटी काही तिथल्या तिथे उतरवता येत नाही, म्हणून पखवाजालाच पेटीकडे यावं लागतं. दोन अभंगांच्या मध्ये दादा हातोडीने वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून शाईची बाजू चढवत होते आणि दुसऱ्या तोंडाची कणीक बोटाने चाचपत होते. कणीक जास्त झाली तर घुमारा जड होतो, सुकली तर पोकळ वाजतो. पखवाज पेटीला लागलेला नसेल तर ते सगळ्यात आधी त्या चार मात्रांतच ऐकू येतं. गाणं थांबलेलं असतं आणि उरलेल्या दोन आवाजांतली फट उघडी पडते.

टाळकरी दोन रांगांत समोरासमोर उभे. टाळ जड, काशाचे, दोरीने जोडलेले. शेजारच्या मावशींनी मला एक जोडी हातात दिली आणि म्हणाल्या, “सपाट नको गं आपटू, कड लागू दे.” कारण टाळ हातात घेतल्यावरच समजतं. दोन्ही वाट्या तोंडाला तोंड लावून आदळल्या की आत हवा कोंडते आणि ‘थप्प’ असा मेलेला आवाज येतो. एक वाटी जराशी तिरकी ठेवून कडेला कड लावली आणि लगेच सोडली की नाद सुटतो. या सुटलेल्या नादावर ठेका चालतो, आणि जिथे ओळ संपवायची तिथे वाट्या एकमेकींवर दाबून धरतात. संथ चालीत टाळ एक मात्रा सोडून पडत होता, मग प्रत्येक मात्रेला, आणि लय चढली तसा दुगुणीत. लय वाढवायची कधी, हे पखवाजवाले दादा ठरवत होते, पण ती वाढली हे सगळ्यांना कळत होतं टाळांतून.

रांग इतकी लांब होती की मागची माणसंही टाळ्या वाजवत होती आणि त्यांच्या टाळ्या सतत मागे पडत होत्या. यात त्यांचा काही दोष नाही. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, तेव्हा 34 मीटरवरच्या माणसाला ठेका सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा पोचतो. मिनिटाला 120 मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे तो माणूस मात्रेचा पाचवा हिस्सा मागे. टाळकरी रांगांत समोरासमोर उभे राहतात, त्याचा मोठा फायदा इथे दिसतो. मागच्या टोकाचा टाळकरी पुढचा आवाज ऐकून वाजवत नाही, समोरच्याचे हात बघून वाजवतो. डोळ्यांना उशीर होत नाही.

तेवढ्यात एक तरुण गायक पुढे आला. गळा सुरेख. त्याने ‘ठेवोनिया’चा ‘या’ उचलून एक लांब तान घेतली, चारही मात्रा भरून टाकल्या. लोकांनी माना डोलावल्या, पण मागून ओळ आली ती “…दर ते ध्यान” अशी. ‘सुं’ कुणालाच धरता आला नाही, कारण श्वास घ्यायला जागाच राहिली नव्हती. ध्रुपद पडतं ते असं, आणि ओळखायची खूणही हीच: समूहाच्या तोंडून पहिलं अक्षर ऐकू येतंय का बघायचं. पुढच्या फेरीला काकांनी पेटीवर ‘सुं’चा स्वर जरा जोरात दाबला, पखवाजाने दोन मात्रांची उठाण दिली, आणि त्या मुलाने तान मध्येच सोडली. शब्दही न बोलता तिघांचं ठरलं. लगेच पूर्ण ‘सुंदर’ परत आलं.

दर्शन झालं. संध्याकाळी लालबागला एका चाळीत संगीत भजन होतं. हे वारकरी भजनापेक्षा वेगळं: बुवा स्वतः पेटीवर बसतात आणि स्वतःच गातात, बाजूला पखवाज, मागे कोरस आणि झांज. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी ही रीत या वस्तीत रुजवली. मला कुतूहल होतं की बुवांचा उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर, मग कोरसला खूण कशी देणार? कीर्तनकार हात उचलतो किंवा प्रमाण म्हणून घेतलेल्या अभंगाची अर्धी ओळ गाऊन थांबतो आणि टाळकरी उरलेली पुरी करतात. इथे हात मोकळेच नाहीत.

खूण भात्यात होती. ‘ठेवोनिया’वर बुवा भाता हलका करत, पेटीचा आवाज खाली येई, आणि चौथ्या रिकाम्या मात्रेवर एकदम दाब वाढवत. तो फुगवटा ऐकला की कोरस सुटे. शेवटच्या फेऱ्यांत तर बुवांनी गाणंच सोडलं. पेटीवर नुसतं ‘सुंदर ते ध्यान’ वाजवलं आणि चाळीने म्हटलं, पुन्हा वाजवलं, पुन्हा चाळीने म्हटलं. झांज इथे टाळापेक्षा मोठी आणि पातळ, तिचा नाद लांबतो, म्हणून झांजवाला त्या चार मात्रांत एकच ठोका देऊन हाताने ती आवळत होता. मोकळी सोडली असती तर बुवांची खूण तिच्याखाली बुडाली असती.

भजन संपल्यावर मी बुवांना म्हटलं की मी लाउडस्पीकरच्या समोर बसले होते, झांज फारच कानात येत होती. ते म्हणाले, “ताई, पुढच्या वेळी पखवाजाच्या अंगाला बसा. तिथून माझा डावा हात दिसतो.”