निघते आता

ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडली की पूर्वी पहिलंच स्टेशन ऐरोली यायचं. 2024 च्या जानेवारीत मध्ये दिघा गाव आलं आणि माझ्या डुलकीला दोन मिनिटं वाढीव मिळाली. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मात्र त्या दोन मिनिटांतही डोळा लागेना. सगळ्या टीमला पाठवायची निरोपाची मेल लिहायची होती. नऊ वर्षं हिशेबाच्या मेली धडाधड लिहिणारी बाई मी, आणि इथे तीन दिवस ‘नमस्कार’च्या पुढे गाडी सरकत नव्हती.

पहिला मसुदा दीड पान झाला. सासऱ्यांचं ऑपरेशन, घरचं वेळापत्रक, नव्या ऑफिसचं अंतर, सगळं त्यात. वाचताना वाटलं, हे निरोपाचं पत्र आहे की रजेचा अर्ज? आपण का निघालो हे ज्यांना कळायला हवं होतं, त्यांना चहाच्या टपरीवर कधीच कळलेलं असतं. बाकीच्यांना ‘आज माझा इथला शेवटचा दिवस’ एवढं पुरतं. नव्या कंपनीचं नावही मी काढून टाकलं. तिथे अजून माझं टेबलसुद्धा ठरलेलं नव्हतं.

मग नावं. सव्वीस जणांपैकी अकरा जणांचे आभार मी नावानिशी मानले होते. म्हणजे पंधरा जण ती मेल आपलं नाव शोधत वाचणार! सव्वीसही घातली तर लग्नपत्रिकेच्या खालची नातेवाइकांची यादी. शेवटी एकही नाव ठेवलं नाही. ज्या चौघांना खरंच काही सांगायचं होतं, त्यांना वेगवेगळ्या दोन-दोन ओळी लिहिल्या. सगळ्यांसाठी म्हणून मात्र सगळ्यांनी मिळून खाल्लेल्या वडापावांची आठवण काढली.

खरी गंमत पुढे आहे. एक बढती हुकली होती, ते शल्य मी मेलमध्ये घालणार नव्हतेच. तेवढी अक्कल आहे. पण दुसऱ्या मसुद्यात एक वाक्य आपोआप उतरलं होतं: ‘चढउतार आले, पण शिकायला खूप मिळालं. असो.’ वरवर किती गोड! ज्या साहेबांशी खटका उडाला होता, त्यांच्या नजरेनं ते परत वाचलं आणि ‘पण’ टोचला. ‘असो’ तर आपल्याकडे नाक मुरडल्याशिवाय लिहिताच येत नाही. निरोपाच्या मेलमधला प्रत्येक ‘पण’, ‘तरीही’ आणि ‘असो’ उचलून पाहावा, खाली काहीतरी दडलेलं सापडतं. मी ते अख्खं वाक्य पुसलं. ती मेल पुढे कोण कोणाला पाठवेल, याचा भरवसा नसतो.

उरलं ते एवढंच. टीममध्ये तमिळ, गुजराती सगळे, त्यामुळे गेली इंग्रजीत. मराठीत साधारण अशी:

‘नमस्कार, आज माझा इथला शेवटचा दिवस. नऊ वर्षं तुमच्याबरोबर काम केलं. मार्चअखेरीला रात्री दहा वाजता कुणीतरी न विचारता सगळ्यांसाठी वडापाव मागवायचं, ते फार आठवेल. माझी कामं कोणाकडे आहेत ते सोमवारच्या मेलमध्ये आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला तर खालचा ट्रे आधी किंचित उचलायचा, मग ओढायचा. माझा घरचा मेल पत्ता खाली दिला आहे. भेटत राहू.’

प्रिंटरचं वाक्य काढ, असं घरी सुचवण्यात आलं. मी ठेवलं. आभारांच्या परिच्छेदापेक्षा त्यात माझा जीव जास्त होता.

पाठवायची वेळही हिशेब करून ठरवली. सकाळी पाठवली तर दिवसभर टेबलाशी रांग आणि हातातलं काम तसंच. सहाला लॅपटॉप आयटीकडे जमा, त्यानंतर खातं बंद. म्हणजे पावणेसहाला पाठवली तर उत्तरं माझ्या माघारी येऊन पडणार. साडेतीन ठीक. स्वतःचा पत्ता ‘टू’मध्ये, टीमचा ‘बीसीसी’मध्ये. मागे एकजण जाताना सगळ्यांना ‘टू’त ठेवून गेला होता. दर ‘ऑल द बेस्ट’ सव्वीस जणांच्या इनबॉक्सात वाजत होता, आणि संध्याकाळपर्यंत लोक एकमेकांना ‘रिप्लाय ऑल करू नका’ असं रिप्लाय ऑल करून सांगत होते. बीसीसीत असलं की उत्तर फक्त माझ्यापाशी येतं.

तीन बत्तीसला बटण दाबलं आणि ओळखपत्राची दोरी गुंडाळत बसले. पहिलं उत्तर अकरा मिनिटांनी आलं, ज्यांच्यासाठी मी ‘पण’ पुसला होता त्या साहेबांचं. दोनच वाक्यं.

‘उचलून ओढला. निघाला.’