आईंच्या गोळ्यांची पिशवी

"डॉक्टर, आईला ऐंशीवं लागलंय. कोलेस्टेरॉलची गोळी अजून चालू ठेवायची की बंद करायची?"

आधी मी एवढंच विचारते: त्यांना कधी हार्ट अटॅक, पॅरालिसिसचा झटका आला होता का, स्टेंट बसवलाय का? यातलं काही झालं असेल आणि त्या घरात हिंडत्याफिरत्या असतील, तर नुसतं वय झालं म्हणून मी गोळी थांबवत नाही. अशा लोकांना पंचाहत्तरीनंतरही स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या या गोळ्यांचा, फायदा होतो, हे २०१९ साली २८ चाचण्यांची आकडेवारी एकत्र तपासल्यावर दिसलं. ज्यांना यातलं काहीच झालेलं नाही, त्यांच्याबाबतीत या वयातला पुरावा तोकडा आहे.

पण गोळी चालू ठेवायची म्हणजे डोळे मिटून नाही. गेल्या पावसाळ्यात ७९ वर्षांच्या एक आजी सुनेचा हात धरून आल्या. दोन वर्षांपूर्वी स्टेंट, तेव्हापासून रोज ॲटोरव्हास्टॅटिन ४०. "मांड्यांत जीवच नाही गं," म्हणाल्या. खुर्चीतून हाताचा रेटा दिल्याशिवाय उठता येईना. सुनेला वाटलं, वयामुळे. पण दुखणं गुडघ्यांत नव्हतं, दोन्ही मांड्यांत सारखं होतं आणि महिन्याभरातलं होतं. मी गोळ्यांची पिशवी टेबलावर पालथी करायला सांगितली. बीपीची, साखरेची, रक्त पातळ करण्याची, आणि तळाशी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल. कमरेला नायटा झाला होता म्हणून तीन आठवडे चालू होत्या.

ॲटोरव्हास्टॅटिनचा निचरा यकृतातलं जे एन्झाइम करतं, तेच ही कॅप्सूल दाबून टाकते. गोळी ४० चीच, पण रक्तात औषध साचत जातं आणि स्नायूंना इजा होते. स्नायूंची इजा दाखवणारं रक्तातलं सीपीके बरंच वाढलेलं निघालं. लघवी चहासारखी काळपट झाली नव्हती, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक होतं, म्हणून ॲडमिट करावं लागलं नाही. थायरॉईडही तपासलं, कारण ते कमी असलं तरी स्नायू असेच दुखतात. दोन्ही औषधं थांबवली, नायट्याला मलम दिलं. चौथ्या आठवड्यात आजी हात न टेकता उठल्या. सीपीके उतरल्यावर रोसुव्हास्टॅटिन ५ सुरू केली, कारण तिचा त्या एन्झाइमशी फारसा संबंध येत नाही. स्टेंट असताना गोळी कायमची सोडणं मला पटत नव्हतं.

त्यांच्याच मोठ्या जाऊबाई ८४ वर्षांच्या. हृदयाचा त्रास कधीच नाही, पण वर्षात दोनदा पडल्या, वजन उतरलेलं, रोजच्या आठ गोळ्या. मुलगा वाढलेल्या कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट घेऊन आला. मी स्टॅटिन सुरू केली नाही. तिचा फायदा दिसायला साधारण दोन-अडीच वर्षं लागतात, आणि त्यांची आजची अडचण बाथरूमपर्यंत न पडता जाण्याची आहे. उलट रात्रीची झोपेची गोळी हळूहळू कमी केली.

तुम्ही याल तेव्हा आईंची सगळी औषधं घेऊन या, त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेलीसुद्धा. तोवर आपल्या मनाने गोळी बंद करू नका.