पासबुकातले अर्धे पैसे

आमची लेक सात वर्षांची असताना, २०१५ च्या फेब्रुवारीत, मी गोव्यात आमच्या साखळी गावच्या पोस्टात तिचं सुकन्या समृद्धीचं खातं उघडलं. ती योजना त्याच जानेवारीत सुरू झाली होती. शिवणकामातून महिन्याला तीन हजार बाजूला काढायचे आणि पाच तारखेच्या आत भरायचे, कारण नंतर भरलेल्या पैशांवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही.

२०१८ च्या मार्चमध्ये खाणी बंद पडल्या. ह्यांचा ट्रक दारात उभा राहिला आणि हप्ता दोन वर्षं पाचशेवर आला. खातं बंद पडू नये म्हणून वर्षाला किमान रक्कम भरली की पुरतं, हे तेव्हा फार कामी आलं. २०२० पासून पुन्हा तीन हजार सुरू केले.

माझी चूक वेगळीच होती. २०२३ मध्ये लेक दहावी झाली तेव्हा पासबुकात सव्वातीन लाख होते आणि ते सगळे शिक्षणाचेच, असं मी धरून चालले होते. पोस्टातल्या बाईंनी सांगितलं, की दहावीनंतर किंवा अठरा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी मागच्या मार्चअखेरच्या शिलकीच्या अर्ध्यापर्यंतच रक्कम काढता येते, तीही प्रवेशाचा किंवा फीचा कागद दाखवून. उरलेले खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी, म्हणजे २०३६ मध्ये. तोवर तिचं शिक्षण संपलेलं असणार!

त्या रात्री मी पासबुक तिच्यासमोर ठेवलं. तिला पुण्याला जाऊन आर्किटेक्चर करायचं होतं. पाच वर्षांचा कोर्स, वर खोली आणि जेवणाचा खर्च. मी म्हटलं, "बाय, बारावीपर्यंत यातले सव्वादोन लाख हातात येतील. त्यात पुणं होत नाही. पणजीला आल्तिनोचं सरकारी कॉलेज मिळालं तर घरून जाऊन-येऊन निभेल. बाहेर जायचं तर कर्ज काढावं लागेल, आणि ते तुला फेडावं लागेल."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला फार लागलं. पण मग तिनेच विचारलं, "दोन वर्षांत आणखी किती साठेल?" तेव्हा बँकेत चार हजारांची चोवीस महिन्यांची आरडी उघडली. त्या दोन वर्षांत गणेश चवथीला नवे कपडे घेऊ नयेत, हे तिनेच सुचवलं.

२०२५ च्या मार्चअखेर सुकन्यात साडेचार लाखांच्या थोडं वर झाले. आरडीचे लाखभर जूनमध्ये आले. प्रवेश आल्तिनोला मिळाला.

फीची पावती घेऊन पोस्टात गेलो तर बाईंनी मला थांबवलं. लेक जूनमध्ये अठरा पूर्ण झाली होती, त्यामुळे आता खातं तिने चालवायचं. आधी तिचे आधार, पॅन, फोटो, मग पैसे काढण्याचा फॉर्म. दहा वर्षं जिथे मी सही करत आले, तिथे तिने सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.