बी-प्लस ट्रीची पानं एकमेकांना जोडली तेव्हा रेंज स्कॅन पळायला लागला (माझा अनुभव)

गेल्या पावसाळ्यात शिकायचं म्हणून स्वतःचं एक छोटं स्टोरेज इंजिन लिहायला घेतलं होतं, फाइलमध्ये 4 केबीची पेजेस आणि त्यावर बी-प्लस ट्री. एक की शोधून रेकॉर्ड आणणं आठवडाभरात जमलं. अडलं ते रेंजवर, म्हणजे ऑर्डर नंबर 50001 ते 52000 द्या म्हटलं की फारच वेळ लागायचा.

टेस्टसाठी 1 ते 10 लाख नंबरच्या ऑर्डरी नंबरवारीने भरल्या होत्या, प्रत्येक रेकॉर्ड साधारण 100 बाइटचा, म्हणजे एका पानात 40 बसतात आणि खालच्या लेव्हलला 25,000 पानं होतात (लीफला मी पान म्हणतोय, मराठीत ते अगदी फिट बसतं). वरच्या पेजेसमध्ये फक्त की आणि पेज नंबर असल्याने तिथे एका पेजात तीनशेच्या वर नोंदी मावतात, त्यामुळे एवढा डेटा असूनही रूट, मधली लेव्हल आणि पानं, एवढ्या तीनच लेव्हल झाल्या.

माझा पहिला कोड पुढची प्रत्येक की नव्याने रूटपासून शोधत होता. 2000 रेकॉर्ड गुणिले 3, म्हणजे पेज मागायचा काउंटर 6000 वर गेला. मग प्रत्येक पानात पुढच्या पानाचा पेज नंबर लिहून ठेवला. आता 50001 साठी एकदाच वरून खाली यायचं आणि तिथून सरळ उजवीकडे चालत सुटायचं. ही रेंज बरोबर 50 पानांत बसते, थांबायचं कुठे हे कळायला पुढच्या पानाची पहिली की बघावी लागते ते एक, आणि वरची दोन. एकूण 53! मी तो आकडा तीनदा तपासला.

हे जमतं कारण बी-प्लस ट्रीत सगळे रेकॉर्ड फक्त पानांत असतात, वरचे नोड म्हणजे नुसत्या दिशादर्शक पाट्या, म्हणून खालची रांग स्वतःच पूर्ण आणि सॉर्ट केलेली असते. साध्या बी-ट्रीमध्ये काही रेकॉर्ड मधल्या नोडमध्येच राहतात, तिथे पानं जोडली तरी मधले रेकॉर्ड आणायला वर चढावंच लागतं.

एक गोष्ट मात्र खरी सांगायला हवी, लिंकशिवायही 53 च्या जवळ जाता येतं, खाली येतानाचा रस्ता स्टॅकमध्ये ठेवायचा आणि पान संपलं की पॅरेंटकडे जाऊन पुढचं घ्यायचं. एसक्यूलाइट असंच करतं, त्याच्या पानांत शेजाऱ्याचा पत्ता नसतो. पण मधेच कोणी इन्सर्ट करून पॅरेंट फोडला की हातातला तो रस्ता जुना होतो, आणि ते सांभाळत बसण्यापेक्षा मला लिंक बरी वाटली.

खरा त्रास झाला तो उलट्या स्कॅनसाठी मागची लिंकही ठेवायला लागलो तेव्हा. समजा एका पानात 10, 20, 30, 40 आहेत, पान भरलंय, उजवीकडे 50, 60 चं पान आहे आणि 25 आलं. पान फुटून 10, 20 आणि 25, 30, 40 अशी दोन झाली. मी नव्या पानाच्या दोन्ही लिंक आणि जुन्याची पुढची, अशा तीन लिंक नीट लावल्या, पण 50 च्या पानाची मागची लिंक अजून 10 च्या पानाकडेच बघत होती. त्यामुळे 60 पासून उलटं आलं की 60, 50, 20, 10, मधले 25, 30, 40 गायब! एरर नाही, क्रॅश नाही, आणि 30 एकटं शोधलं तर लगेच सापडतं, म्हणून दोन दिवस मी सर्चचाच कोड तपासत बसलो. शेवटी स्प्लिटमध्ये हा क्रम ठरवला:

```
new.next = old.next
new.prev = old
if old.next:
    old.next.prev = new
old.next = new
```

शेवटची ओळ सगळ्यात आधी लिहिली तर नवं पान स्वतःलाच पुढचं समजतं आणि स्कॅन तेच रेकॉर्ड फिरून फिरून देत राहतो, हेही भोगून झालंय. तेव्हापासून प्रत्येक टेस्टनंतर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चालतो, मग शेवटून उलटा, दोन्हीकडचा रेकॉर्डचा आकडा जुळतो का आणि प्रत्येक पानाच्या पुढच्याची मागची लिंक त्याच्याकडेच येते का ते बघतो. आकडा जुळला नाही की समजायचं, कुठेतरी शेजारी सुटलाय.

मग रँडम की घालून पाहिलं. लिंक सगळ्या बरोबर होत्या, पण फुटलेलं नवं पान फाइलच्या शेवटी जातं, त्यामुळे 17 नंतरचं पान 9041 व्या जागेवर आणि त्यानंतरचं परत 18 वर. कॅशमध्ये सगळं मावत होतं तोवर फरक कळला नाही, कॅश लहान केल्यावर स्कॅन लगेच मंदावला कारण डिस्कवर उड्या मारायला लागतात. तोच डेटा सॉर्ट करून नव्या फाइलमध्ये ओळीने भरला तेव्हा पानं रांगेतही शेजारी आणि डिस्कवरही शेजारी आली, आणि वेग परत आला.