पुणे-बंगळूर-पुणे: थ्रॉटल लॉक म्हणजे क्रूझ कंट्रोल नव्हे

परवा रात्री परत आलो, हात अजून दुखतोय, पण हे आत्ताच लिहितो. जाताना माझ्या जुन्या केबलवाल्या ३५० सीसी बाईकला थ्रॉटल लॉक लावून घेतला होता, फिटिंगसकट २४०० रुपये. दुकानदार म्हणाला, "साहेब, क्रूझ कंट्रोलच आहे हे, फक्त वायर नाही." हे वाक्य साफ चुकीचं आहे.

लॉक काय करतो तर मूठ जिथे फिरवलीय तिथेच घर्षणाने धरून ठेवतो, बास. स्पीडशी त्याचा काही संबंध नाही. सोबत मित्राची नवी ३९० होती, तिला कंपनीचं इलेक्ट्रॉनिक क्रूझ आहे. चित्रदुर्गजवळ पवनचक्क्या दिसतात त्या पट्ट्यात दोघांनी ८० ला सेट केलं. चढ आणि समोरून वारा, माझा काटा ६८ वर आला आणि तो पुढे निघून गेला, कारण त्याच्या गाडीचा कॉम्प्युटर चाकाचा स्पीड बघून थ्रॉटल स्वतः उघडतो. उतार लागला की माझी गाडी आपोआप ९० च्या पुढे. सपाटीवर ठीक वाटलं, म्हणून सवय लागली, आणि तीच नडली.

बंगळूरचे दोन दिवस मस्त गेले. हुबळी, बेळगाव सगळं निवांत.

परतताना तवंदी घाट. बेळगावकडून निपाणीकडे येताना तो उतार आहे आणि वळणं आहेत, जड ट्रक लो गिअरमध्ये उतरत असतात. मी लॉक काढायला विसरलो. ट्रक उजव्या लेनला आला, मी ब्रेक दाबला आणि क्लच ओढला आणि इंजिन असं किंचाळलं की अंगावर काटा आला! ब्रेक दाबला तरी लॉक सुटत नाही, थ्रॉटल उघडाच राहतो, आणि क्लच ओढला की इंजिनवरचा लोड जातो म्हणून आरपीएम थेट वर. मूठ मागे फिरवायला गेलो तर ती अर्ध्यावरच अडकली. अंगठ्याने किल स्विच दाबला तेव्हा इंजिन बंद झालं, मग ब्रेकवरच गाडी डाव्या कडेला घेतली. पाच मिनिटं हँडल सोडवत नव्हतं.

निपाणीत एका मेकॅनिकने बघितलं. "भावा, ग्रिप सरकलीय बाहेर." लॉक इतका आवळला होता की रबर ग्रिप सरकून बार-एंडच्या वजनाला घासत होती. दोघांच्या मध्ये पोस्टकार्ड सहज सरकेल एवढी तरी फट हवी. त्याने ग्रिप आत बसवली, लॉक सैल केला, पाच मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत.

तुम्ही लावणार असाल तर इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण फिरवा आणि सोडा, टक्कन परत आली पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे करून हेच करा, आणि लॉक लावलेला असतानाही मूठ नुसत्या मनगटाने सहज बंद होते का बघा. जोर लावावा लागला तर लॉक जास्त आवळलाय. हे रोज सकाळी करा, कारण ग्रिप उन्हात सरकते. लॉक फक्त मोकळ्या, सपाट, सरळ रस्त्यावर, तेही हात झटकून मोकळा करण्यापुरता, वीस-तीस सेकंद. थांबायची वेळ आली तर आधी मूठ बंद, मग ब्रेक. घाट, पाऊस, गाव, डायव्हर्जन असेल तर लॉक नाहीच. सातारा-कागल सहापदरीचं काम चालू आहे तिथे तर विचारसुद्धा करू नका.

मित्राच्या क्रूझला ब्रेक किंवा क्लचला नुसता हात लागला की ते सुटतं, मूठ शून्याच्या मागे ढकलली तरी सुटतं. नवी गाडी असेल तर रिकाम्या रस्त्यावर या तिन्ही गोष्टी एकदा करून बघा. पण त्याला पुढची गाडी दिसत नाही आणि उतारावर ते ब्रेक लावत नाही. त्याचं एक बटण मात्र घातक वाटलं, रिझ्यूम. कराडच्या अलीकडे डायव्हर्जनमधून ३५ ने बाहेर आल्यावर त्याने ते दाबलं आणि गाडी जुन्या ८० साठी जोरात पळायला लागली, पुढे ट्रॅक्टर! आधी हाताने स्पीड घ्या, मग नव्याने सेट करा.

आणि जेवण झाल्यावर दोन्हीपैकी काहीच लावू नका. मनगटाला काम नसलं की डोळे मिटतात, हिरियूरच्या सरळ पट्ट्यात मित्राचे दोनदा मिटले, हेल्मेटच्या इंटरकॉमवर मी ओरडलो म्हणून जागा झाला.

केबलवाल्या गाडीला मी आता लॉक काढून नुसता तळहात टेकवायचा प्लॅस्टिकचा पंजा लावणार आहे, मुठीवर चढवायचा, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. हात सैल सोडला की थ्रॉटल स्वतः बंद होतो, मला तेवढंच पुरे.